संधी सोडवा, समास ओळखा: एकाच वाक्यातून, नियमांसकट

संस्कृतच्या उत्तरपत्रिकेत संधी-समासाचे गुण जातात ते बहुधा नियम पाठ नसल्यामुळे नाही. सवर्णदीर्घ, गुण, वृद्धी, यण् ही नावं मुलांना झोपेतही म्हणता येतात. चूक होते ती दोन ठिकाणी. सांध्यावरचं अक्षर पाहून पहिली सुचलेली फोड लिहिली जाते आणि ती तपासली जात नाही. दुसरं म्हणजे संधिविग्रह आणि समासविग्रह ही दोन वेगळी कामं एकमेकांत मिसळतात. म्हणून नियमांची यादी देण्यापेक्षा एकच वाक्य घेतो आणि ते शेवटपर्यंत सोडवतो.

तच्छ्रुत्वा स महाबाहुर्वीरो विद्यालयस्योद्यान उपाविशत्।

अर्थ असा: ते ऐकून तो महाबाहू वीर विद्यालयाच्या बागेत बसला. (हा वीर शाळेच्या बागेत का बसला, ते विचारू नका. त्याला सांध्यांसाठीच तिथे बसवलं आहे.)

आधी सांधा शोधा, मग शक्यता लिहा

'विद्यालयस्योद्यान' घ्या. पहिलं काम म्हणजे अक्षरं सुटी करणं: …स् + य् + ओ + द् + य् + आ + न् + अ. मधला 'ओ' संशयास्पद आहे. पदाच्या पोटात 'ओ' दिसला की तो मूळचाच असेल, किंवा अ/आ पुढे उ/ऊ येऊन झाला असेल, किंवा 'अः' पुढे मृदू व्यंजन येऊन झाला असेल. या तिन्ही शक्यता कच्च्या कागदावर मांडा. तिसरी धरली तर 'विद्यालयस्यः + द्यान' अशी फोड होते. 'विद्यालयस्यः' असं रूपच नाही आणि 'द्यान' हा शब्दही नाही, म्हणून ती बाद. दुसरीत 'विद्यालयस्य + उद्यान' मिळतं. 'विद्यालयस्य' ही षष्ठी ओळखीची, 'उद्यान' शब्द ओळखीचा. फोड ठरली. अ + उ = ओ, म्हणजे गुणसंधी, सूत्र 'आद्गुणः' (६.१.८७).

पद्धत एवढीच. अक्षर फक्त शक्यता सांगतं. निर्णय रूपावर आणि अर्थावर होतो. तोडलेला प्रत्येक तुकडा विभक्तीचं रूप, धातूचं रूप, अव्यय किंवा समासातलं प्रातिपदिक असलाच पाहिजे. कुठलाही तुकडा या चारांत बसत नसेल, तर फोड चुकली असं समजा.

हीच परीक्षा 'उपाविशत्' या शब्दावर लावून बघा. सांध्यावर 'आ' आहे. इथे उपसर्ग 'उप' असल्यामुळे पहिला स्वर 'अ' हे नक्की. मग 'उप + आविशत्' की 'उप + अविशत्'? बरीच मुलं पहिली फोड लिहितात. उच्चार सारखाच होतो आणि संधीचं नावही तेच, सवर्णदीर्घ (अकः सवर्णे दीर्घः, ६.१.१०१). पण 'विश्' धातूचं लङ्, म्हणजे अनद्यतन भूतकाळाचं, रूप 'अविशत्' आहे. त्याच्या सुरुवातीचा 'अ' भूतकाळाचा आगम आहे. म्हणून 'उप + अविशत्' हीच फोड बरोबर. लङ्चं क्रियापद उपसर्गासह दिसलं की हा आगम मध्ये लपलेला असतोच. 'आगच्छत्' म्हणजे आ + अगच्छत्, 'प्रत्यवदत्' म्हणजे प्रति + अवदत् (इ + अ = य, यण् संधी, इको यणचि, ६.१.७७).

सांध्यावर 'आ' असताना मराठीची सवयही घात करते. 'राजाज्ञा' हा शब्द 'राजा + आज्ञा' असा तोडावासा वाटतो, कारण मराठीत आपण 'राजा' म्हणतो. संस्कृतात समासाच्या पूर्वपदात 'राजन्' चा न् गळतो आणि 'राज' उरतं, म्हणून फोड 'राज + आज्ञा' (अ + आ = आ). 'पित्राज्ञा' मध्येही 'पिता' न आणता मूळ प्रातिपदिक 'पितृ' आणायचं: पितृ + आज्ञा, ऋ + आ = रा, यण् संधी.

जिथे स्वर चिकटले नाहीत, तिथे थांबा

वाक्यात 'उद्यान उपाविशत्' असं सुटं लिहिलंय. अ आणि उ शेजारी आले, तर त्यांचा 'ओ' व्हायला हवा होता. झाला नाही. संस्कृत वाक्यात असं मोकळं अंतर दिसलं की मधून काहीतरी गळलेलं असण्याची दाट शक्यता असते.

इथे काय गळलं? मूळ पद 'उद्याने' हे सप्तमीचं. ए पुढे उ आला, 'एचोऽयवायावः' (६.१.७८) प्रमाणे ए चा 'अय्' झाला, 'उद्यानय् उपाविशत्' असं बनलं, आणि मग 'लोपः शाकल्यस्य' (८.३.१९) प्रमाणे तो य् गळला. हा लोप वैकल्पिक आहे, त्यामुळे 'उद्यानयुपाविशत्' हेही चुकीचं नाही. पण ग्रंथांत लोपाचंच रूप सर्रास आढळतं.

मग उरलेल्या 'उद्यान' आणि 'उपाविशत्' यांचा पुन्हा गुणसंधी का होत नाही? प्रश्न अगदी रास्त आहे. लोपाचं सूत्र अष्टाध्यायीच्या शेवटच्या तीन पादांतलं आहे. 'पूर्वत्रासिद्धम्' (८.२.१) या सूत्रामुळे तिथे झालेलं काम आधीच्या सूत्रांच्या दृष्टीने झालेलंच नसतं. गुणाचं सूत्र सहाव्या अध्यायातलं, त्याला तो य् अजून जागेवरच दिसतो. म्हणून अंतर तसंच राहतं.

हेच अंतर विसर्ग गळल्यामुळेही पडतं. 'बालक आगच्छति' म्हणजे 'बालकः + आगच्छति'. दिसायला दोन्ही सारखेच, फरक अर्थाने करायचा. वाक्याला कर्ता हवा असेल तर विसर्ग आणा, 'कुठे' याचं उत्तर हवं असेल तर ए आणा. आपल्या वाक्यात 'वीरः' हा कर्ता आधीच आहे आणि 'उद्यान' नपुंसकलिंगी आहे, त्यामुळे 'उद्यानः' हे रूपच संभवत नाही.

'मुनी इमौ' किंवा 'लते एते' मध्येही अंतर आहे, पण तिथे काहीही गळलेलं नाही. ई, ऊ, ए यांनी संपणारं द्विवचन प्रगृह्य असतं (ईदूदेद्द्विवचनं प्रगृह्यम्, १.१.११) आणि त्याचा पुढच्या स्वराशी संधी होत नाही. जोडायच्या प्रश्नात 'मुनी + इमौ' हमखास टाकतात आणि 'मुनीमौ' असं उत्तर हमखास येतं. तेव्हा अंतराआधी अ किंवा आ असेल तर लोपाचा विचार करा. ई, ऊ, ए असेल तर आधी द्विवचन आहे का ते पाहा.

विसर्ग: चार रूपं आणि एक फसवा

आता मधले शब्द. 'वीरो विद्यालयस्य' यात 'वीरः + विद्यालयस्य'. अ नंतरचा विसर्ग, पुढे मृदू व्यंजन व्, म्हणून ओ. शाळेत याला विसर्ग-उत्व म्हणतात, सूत्र 'हशि च' (६.१.११४). 'महाबाहुर्वीरो' मध्ये विसर्गाआधी अ/आ सोडून दुसरा स्वर, उ, आहे आणि पुढे मृदू व्यंजन. म्हणून विसर्गाचा र् झाला: महाबाहुः + वीरः, विसर्ग-रुत्व (ससजुषो रुः, ८.२.६६). 'स महाबाहुः' मध्ये 'सः' चा विसर्ग गळला, कारण 'सः' आणि 'एषः' यांच्यापुढे कुठलंही व्यंजन आलं की तो गळतोच (एतत्तदोः सुलोपोऽकोरनञ्समासे हलि, ६.१.१३२). पुढे अ आला तर मात्र 'सोऽपि'.

अवग्रह दिसला की तो कोणत्या वाटेने आला ते तपासा. 'सोऽपि' मध्ये सः + अपि आहे, म्हणून नाव विसर्गसंधी. 'वनेऽस्मिन्' मध्ये विसर्गाचा संबंध नाही, वने + अस्मिन्, पूर्वरूप, 'एङः पदान्तादति' (६.१.१०९). 'प्रभोऽत्र' मध्ये अवग्रहाआधी ओ असूनही विसर्ग नाही, कारण 'प्रभो' हे संबोधन आहे. 'ओऽ' पाहून डोळे झाकून विसर्गसंधी लिहिणारे इथे अडकतात.

फसवा विसर्ग म्हणजे मूळचा र्. 'पुनः + अपि' याचं उत्तर 'पुनोऽपि' असं नियमात बसणारं वाटतं, पण बरोबर उत्तर 'पुनरपि'. पुनर्, प्रातर्, अन्तर् या अव्ययांचा विसर्ग हा शेवटी थांबल्यामुळे र् चा झालेला विसर्ग आहे. पुढे स्वर किंवा मृदू व्यंजन आलं की तो र् परत येतो: प्रातरहम्, अन्तरात्मा. इथे मराठी कानाचा उपयोग होतो. आपण 'मनोगत' म्हणतो, पण 'अंतर्गत' आणि 'पुनर्जन्म' म्हणतो. 'अंतोगत' कानाला खटकतं, तेच उत्तर समजा. आणखी एक पायरी म्हणजे 'पुनः + रमते'. दोन र् शेजारी आले की पहिला गळतो आणि त्याआधीचा स्वर दीर्घ होतो: पुना रमते (रो रि, ८.३.१४).

व्यंजनसंधीत जोडाक्षर उलटं वाचा

'तच्छ्रुत्वा' हा शब्द तोडताना 'तच् + छ्रुत्वा' इथेच थांबणारे पुष्कळ. पण 'छ्रुत्वा' असं रूप नाही, 'श्रुत्वा' आहे. म्हणजे दोन बदल झालेत आणि दोन्ही लिहायचे. त् पुढे श् आल्याने त् चा च् झाला, हे श्चुत्व (स्तोः श्चुना श्चुः, ८.४.४०). त्यानंतर श् चा छ् झाला, हे छत्व (शश्छोऽटि, ८.४.६३). दुसरा बदल वैकल्पिक, त्यामुळे 'तच्श्रुत्वा' हेही चालतं. फोड: तत् + श्रुत्वा.

उलटं वाचायची रीत अशी. सांध्यावर ज्ज, च्च, ल्ल, न्न, द्ध यांपैकी काही असेल, तर पहिल्या व्यंजनाच्या जागी त् ठेवून बघा आणि तुकडे अर्थाचे होतात का ते पाहा. सज्जनः म्हणजे सत् + जनः, उल्लेखः म्हणजे उत् + लेखः (तोर्लि, ८.४.६०), जगन्नाथः म्हणजे जगत् + नाथः (यरोऽनुनासिकेऽनुनासिको वा, ८.४.४५). 'द्ध' मध्ये दुसरं अक्षरही बदललेलं असू शकतं: तद्धितम् म्हणजे तत् + हितम्, ह् चा ध् झाला (झयो होऽन्यतरस्याम्, ८.४.६२). मात्र 'अन्नम्' किंवा 'बुद्धिः' फोडायला जाऊ नका. तिथलं जोडाक्षर धातू आणि प्रत्यय यांच्या आतल्या जुळणीतून आलंय, दोन पदांच्या सांध्यातून नाही.

उत्तर लिहिताना तीन गोष्टी एका ओळीत द्या: फोड, बदललेले वर्ण, नाव. उदाहरणार्थ, जगदीशः = जगत् + ईशः; त् + ई = दी; जश्त्वसंधिः (झलां जशोऽन्ते, ८.२.३९). सूत्र मागितलं नसेल तर नाव पुरे. वर्णांचा बदल मात्र न मागता लिहावा, कारण तो लिहिताना आपली चूक आपल्यालाच दिसते.

आता समास: पुन्हा तोच शब्द, वेगळं काम

'विद्यालयः' संधी म्हणून विचारला तर उत्तर 'विद्या + आलयः'. समास म्हणून विचारला तर उत्तर 'विद्यायाः आलयः', षष्ठी तत्पुरुष. पहिल्या उत्तरात अधिकचिन्ह असतं आणि पूर्वपद बिनविभक्तीचं. दुसऱ्यात चिन्ह नसतं आणि विभक्ती परत आलेली असते. समासात संधी नित्य, वाक्यात बोलणाऱ्याच्या इच्छेवर, असं वैयाकरणांची परंपरागत कारिका सांगते. त्यामुळे 'वीरः विद्यालयस्य' सुटं लिहिलं तर चालतं, पण 'विद्या-आलयः' असा समास लिहिता येत नाही.

विभक्ती कुठली आणायची, हे मराठीत विचार करून ठरवलं की फसायला होतं. 'चोरभयम्' चा मराठी अर्थ 'चोराची भीती', म्हणून 'चोरस्य भयम्' लिहिलं जातं. संस्कृतात भीती ज्याच्यापासून, त्याची पंचमी: चोरात् भयम्, पंचमी तत्पुरुष. 'ज्ञानहीनः' ला 'ज्ञानेन हीनः', 'मातृसदृशः' ला 'मात्रा सदृशः', दोन्ही तृतीया. 'युद्धनिपुणः' ला 'युद्धे निपुणः', सप्तमी. विभक्ती उत्तरपद ठरवतं, तेव्हा आधी उत्तरपद बघा आणि ते संस्कृत वाक्यात कोणती विभक्ती मागतं ते आठवा.

'महाबाहुः' हा वाक्यातला सगळ्यात चांगला शब्द. 'महा' दिसलं की मूळ शब्द 'महत्' आणि दोन्ही पदं एकाच गोष्टीबद्दल बोलणारी, हे नक्की, कारण 'महत्' चा 'महा' तशाच समासात होतो (आन्महतः समानाधिकरणजातीययोः, ६.३.४६). थोरांची सेवा म्हणायची असेल तर 'महत्सेवा' होतं, 'महासेवा' नाही. म्हणजे षष्ठी तत्पुरुष बाद झाला, उरले कर्मधारय आणि बहुव्रीही. 'महान् बाहुः' म्हणजे मोठा हात, हा कर्मधारय. पण वाक्यात हात बसलेला नाही, वीर बसलाय. शब्द तिसऱ्याच गोष्टीकडे बोट दाखवतो, म्हणून 'महान्तौ बाहू यस्य सः', बहुव्रीही. द्विवचन यासाठी की माणसाला हात दोन.

कधी लिंगच निकाल लावतं. 'अम्बर' नपुंसकलिंगी. 'पीताम्बरम् आनय' यात पिवळं वस्त्र आणायला सांगितलंय: पीतम् अम्बरम्, कर्मधारय. 'पीताम्बरः हरिः' यात शब्द पुल्लिंगी झाला, म्हणजे तो हरीचं विशेषण आहे: पीतम् अम्बरं यस्य सः, बहुव्रीही. पण 'पीताम्बरं पश्य' एवढंच दिलं तर दोन्ही शक्य, मग पुढचामागचा संदर्भ पाहा. स्त्रीलिंगी विशेषण असेल तर शेवट 'यस्याः सा' असा करायला विसरू नका.

संख्या दिसली की द्विगू लिहायची सवयही अशीच. नाशिकची 'पञ्चवटी' हा द्विगूच आहे: पञ्चानां वटानां समाहारः. 'षडाननः' मध्येही संख्या पुढे आहे, पण तो कार्तिकेय आहे, सहा तोंडांचा समूह नव्हे: षट् आननानि यस्य सः, बहुव्रीही. संधी मागितला तर षट् + आननः, जश्त्व.

लांब समास उजवीकडून सोडवा. 'विद्यालयोद्यानम्' मध्ये शेवटचं पद 'उद्यानम्', ते आधी वेगळं करा: विद्यालयस्य उद्यानम्, षष्ठी तत्पुरुष. मग उरलेला 'विद्यालयः': विद्यायाः आलयः, पुन्हा षष्ठी तत्पुरुष. डावीकडून सुरुवात केली तर 'आलयोद्यान' असा अर्थहीन तुकडा हाती येतो. 'महाराजः' चा विग्रह 'महान् राजा' असा मूळ रूपात करा, 'महान् राजः' नको; समासाच्या शेवटी 'राजन्' चा 'राज' होतो, विग्रहात नाही.

काही समासांचा विग्रह त्यांच्याच पदांनी होत नाही. 'यथाशक्ति' चा 'शक्तिम् अनतिक्रम्य', 'प्रतिदिनम्' चा 'दिने दिने', दोन्ही अव्ययीभाव. 'कुम्भकारः' चा 'कुम्भं करोति इति', उपपद तत्पुरुष. इथे 'कुम्भस्य कारः' लिहिलं की विग्रहाचा आणि नावाचा असे दोन्ही गुण जातात. उत्तरपद सुटं वापरता येतं का, हे आधी विचारा. 'कार' या अर्थाने एकटा फिरत नाही, 'कुम्भ' सोबत असेल तरच येतो, म्हणून तिथे धातूचं रूप घालूनच विग्रह करायचा.